दोन वर्षांचा झाला, अजून बोलत का नाही?

मूल दोन वर्षांचे झाले आणि अजून 'आई', 'बाबा', 'दे' यापलीकडे जात नसले, की घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला? तीन वर्षांचा होईपर्यंत नुसत्या खुणा करायचा. आता बघ, ऑफिसात भाषणे देतो." शेजारच्या काकू दुजोरा देतात, "मुलगे उशिराच बोलतात गं!" आईचे मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. जावेची मुलगी बावीस महिन्यांची असून 'मामा आला' म्हणते, हे तिने ऐकलेले असते आणि तेव्हापासून ती आपल्या मुलाचे शब्द बोटांवर मोजत असते.

गंमत अशी की, या वादात दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघांचेही लक्ष फक्त मुलाच्या तोंडातून किती शब्द बाहेर पडतात याकडे असते. वाचाउपचारतज्ज्ञ, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट, शब्द मोजतो हे खरे. पण त्याआधी तो तीन गोष्टी पाहतो. मूल नीट ऐकते का? ऐकलेले त्याला समजते का? आणि शब्द नसले तरी बोटाने, नजरेने, हावभावांनी ते आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवते का? थांबायचे की दाखवायला जायचे, हे या तीन उत्तरांवर ठरते.

पहिल्या शब्दाआधीचे वर्ष

मूल साधारण वर्षाचे झाले की पहिला शब्द येतो. पण त्याची तयारी पाळण्यातच सुरू झालेली असते. दीड-दोन महिन्यांचे बाळ रडण्याखेरीज वेगळे, गोड आवाज काढू लागते. आई बोलली की ते हुंकार देते, ती थांबली की पुन्हा 'आऽऽ', 'अगूऽऽ' करते. ही पहिली संभाषणेच असतात. तू बोल, मग मी बोलतो, हा पाळीपाळीचा नियम बाळ इथे शिकते. चार-पाच महिन्यांचे होता होता ते खळखळून हसते आणि आवाज आला त्या दिशेला मान वळवू लागते.

सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी बडबड सुरू होते. वडील हरखून म्हणतात, "बघ, मला बाबा म्हणाला!" तेव्हा या आवाजांना अर्थ नसतो. तरीही ही पायरी फार मोलाची आहे. व्यंजन आणि स्वर जोडून एकापाठोपाठ एक आवाज काढणे, हे पुढच्या प्रत्येक शब्दाचे मूळ आहे. जन्मतः ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत घरच्यांना शंका येत नाही. पण त्याची ही 'बाबाबा' बडबड लांबते किंवा विरळ राहते. म्हणून नऊ-दहा महिन्यांचे बाळ अशी बडबड करत नसेल, तर त्याचे कान तपासून घ्यावेत.

नऊ महिन्यांनंतर हात बोलू लागतात. बाळ टाटा करते, उचलून घे म्हणून हात पसरते, नको असले की मान फिरवते. वर्षाच्या आसपास आणि फार तर पंधरा महिन्यांपर्यंत ते बोट दाखवू लागते. या बोट दाखवण्यात दोन प्रकार असतात. बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवणे म्हणजे 'मला ते दे'. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून मग आईच्या तोंडाकडे पाहणे म्हणजे 'तूही बघ ना'. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात काही मिळवायचे नसून आपला आनंद दुसऱ्याला सांगायचा असतो. ज्या मुलात ही सांगण्याची ओढ दिसते, त्याचे शब्द थोडे मागे राहिले तरी काळजीचे कारण कमी असते. जे मूल हाक मारल्यावर पाहत नाही, बोट दाखवत नाही, हवी ती वस्तू मिळवायला मोठ्यांचा हात धरून ओढत नेते पण चेहऱ्याकडे बघत नाही, त्याला बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. अशा वेळी ते स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी करतात.

शब्द कसे मोजावेत?

वर्षाला एक-दोन शब्द, दीड वर्षाला दहा-पंधरा आणि दोन वर्षांना साधारण पन्नास, असा हा चढता क्रम असतो. त्यात मुलामुलांत पुष्कळ फरक पडतो. दीड वर्षाला कुणी पाच शब्द बोलते, तर कुणी पन्नास. दोघेही निरोगी असू शकतात. पण दोन वर्षांची सीमा तज्ज्ञ गंभीरपणे घेतात. या वयात पन्नासपेक्षा कमी शब्द असतील आणि दोन शब्दांची जोडीही होत नसेल, तर ते मूल 'उशिरा बोलणारे' समजून त्याची तपासणी करावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

मात्र आई जे शब्द मोजते त्यात बहुधा चूक होते. 'कुत्रा' न म्हणता मूल दर वेळी कुत्रा दिसला की 'भूभू' म्हणत असेल, तर तो शब्दच आहे. गाडीला 'पोंपों', पाण्याला 'मम', झोपायला 'गाईगाई' हेही शब्द आहेत. उच्चार शुद्ध हवा असे नाही. तोच आवाज त्याच गोष्टीसाठी, कुणी आधी म्हणून न दाखवता, पुन:पुन्हा आला पाहिजे, एवढीच अट आहे. उलट आईने 'म्हण, पोपट' म्हटल्यावर तिच्यामागून 'पोपट' म्हटले आणि नंतर कधीच म्हटले नाही, तर तो मोजायचा नाही.

दोन शब्दांच्या जोडीचेही तसेच. 'टाटा बायबाय' हा मुलाच्या दृष्टीने एकच पाठ झालेला शब्द असतो. खरी जोडी म्हणजे 'बाबा गेला', 'दूध नको', 'अजून पाणी', 'ताई दे'. यात मुलाने दोन वेगळे शब्द स्वतः निवडून जोडलेले असतात. 'दूध नको' म्हणणारे मूल उद्या 'भात नको' आणि परवा 'आंघोळ नको' म्हणू शकते. वाक्य बनवण्याची किल्ली त्याला सापडलेली असते. म्हणूनच तज्ज्ञ शब्दांच्या संख्येपेक्षाही या जोडीची अधिक आतुरतेने वाट पाहतात.

वाट पाहण्याची चार कारणे

'थांबू या' म्हणणाऱ्या मंडळींची कारणे बहुतेक घरांत सारखीच असतात. ती एकेक करून तपासायला हवीत.

पहिले, 'याचे वडीलही उशिराच बोलले.' हे ऐकून आईला धीर येतो, पण तज्ज्ञ मात्र कान टवकारतो. उशिरा बोलणे, भाषा शिकताना अडचणी येणे हे काही घराण्यांत चालत येते. वडील किंवा काका उशिरा बोलले असतील, तर या मुलाला मदत लागण्याचा संभव कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. वडील पुढे चांगले बोलू लागले हे खरे असले, तरी त्यांना शाळेत वाचायला-लिहायला जड गेले होते का, हेही आजीला विचारून पाहावे.

दुसरे, 'मुलगे उशिरा बोलतात.' सरासरी पाहिली तर मुली किंचित पुढे असतात. पण हा फरक थोड्या आठवड्यांचा, फार तर एक-दोन महिन्यांचा असतो. दोन वर्षांच्या मुलाला चारच शब्द येतात, याचे उत्तर 'मुलगा आहे' असे देता येत नाही.

तिसरे, 'घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून गोंधळतो.' इंदूर, हैदराबाद, बडोदा, दिल्ली अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नेहमी ऐकावे लागते आणि बिचारे घरातली मराठीच बंद करतात. दोन भाषा ऐकल्याने बोलण्याला अडथळा येत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांचे एकत्र मोजावे. 'पाणी' मराठीत आणि 'गेंद' हिंदीत म्हटले तर ते दोन शब्द झाले. 'पानी पाहिजे' अशी सरमिसळ हाही दोष नव्हे. आईवडिलांनी ज्या भाषेत आपल्याला मोकळेपणाने बोलता येते, त्याच भाषेत मुलाशी बोलावे. अडखळत बोललेल्या परक्या भाषेतून मुलाला फारसे काही मिळत नाही.

चौथे, 'जीभ जड आहे.' मग कुणी वेखंड उगाळून जिभेला चोळायला सांगते, कुणी मधाचे बोट चाटवते. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर एखाद-दुसऱ्या उच्चाराला अडचण येऊ शकते, पण त्यामुळे शब्दच येत नाहीत असे होत नाही. शब्द मेंदूत तयार होतात, जीभ फक्त ते बाहेर काढते. वेखंडाने बोलणे लवकर येते याला आधार नाही. मध तर एक वर्षाखालील बाळाला मुळीच देऊ नये, कारण त्यातून क्वचित का होईना, गंभीर विषबाधा होऊ शकते.

'समजते सगळे' याची परीक्षा

"बोलत नाही, पण समजते सगळे," असे जवळजवळ प्रत्येक आई सांगते. ते खरे असेल तर फार चांगले, कारण ज्याला वयाप्रमाणे समजते ते उशिरा बोलणारे मूल पुढे बरोबरीला येण्याची शक्यता अधिक असते. पण मोठी माणसे नकळत मुलाला फार मदत करतात. 'चप्पल आण' म्हणताना आईचा हात दाराकडे गेलेला असतो. 'चल, जेवायचे' म्हणताना ताट समोर आलेले असते. मूल शब्द न समजताही बरोबर वागते.

म्हणून परीक्षा घ्यायची ती हात न हलवता, वस्तूकडे न बघता आणि रोजच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी. दीड वर्षाच्या मुलाला 'बॉल आण' असे साधे काम समजते. दोन वर्षांच्या मुलाला 'बाबांची चप्पल आण' यातले दोन्ही शब्द कळायला हवेत. त्याने आईची चप्पल आणली, तर 'चप्पल' समजले, 'बाबांची' निसटले. दोन-तीन दिवसांत अशी पाच-सहा कामे सांगून पाहिली की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

कानाची परीक्षाही घरोघरी होत असते. मुलाच्या पाठीमागे ताटली आपटायची. मूल दचकले की 'कान उत्तम आहेत' असा निर्वाळा मिळतो. पण ताटलीचा आवाज इतका मोठा असतो की पुष्कळ कमी ऐकणाऱ्या मुलालाही तो येतो. शिवाय हाताची सावली दिसते, फरशीचा हादरा बसतो. बोलणे शिकायला ताटली नव्हे, तर 'स', 'त', 'क' असे बारीक आवाज ऐकू यावे लागतात. म्हणून बोलणे लांबलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी पहिल्यांदा करतात, मग घरच्यांची कितीही खात्री असो.

सव्वादोन वर्षांच्या मुलाचे उदाहरण

ही सारी प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते, ते इंदूरला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहू. मुलगा सव्वादोन वर्षांचा. आई नोकरीला, दिवसभर सांभाळ आजीचा. आईच्या हिशेबाने मुलाला आठ शब्द येत होते. बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवले. त्यांनी पहिल्या भेटीआधी एक काम दिले. आठवडाभर फ्रिजवर कागद चिकटवून ठेवायचा आणि मूल जे जे म्हणेल ते घरातल्या प्रत्येकाने लिहायचे. आजीने 'भूभू', 'चिऊ', 'पोंपों' लिहिले, कामवाल्या बाईंनी 'दीदी' आणि 'गेंद' सांगितले. आठाचे तेवीस झाले. तरीही पन्नासपेक्षा कमीच आणि जोडी एकही नाही.

पहिली भेट तासाभराची होती. सतरंजीवर बसून थेरपिस्ट मुलाशी खेळल्या, आई बाजूला बसली होती. मुलगा नजरेला नजर देत होता. खेळण्यातली गाडी पडली की बोट दाखवून आईकडे बघत होता. बाहुलीला खोट्याखोट्या वाटीतून भरवत होता. ही सगळी चांगली लक्षणे होती. मग थेरपिस्टनी बॉल, चमचा आणि मोटार समोर ठेवून 'चमचा दे' म्हटले. त्याने दिला. आता त्यांनी ओठांसमोर कागद धरला आणि हळू आवाजात तेच विचारले. मुलगा गोंधळला, तिघांपैकी भलतीच वस्तू उचलू लागला. म्हणजे तो निम्मे ऐकत होता आणि निम्मे ओठांवरून ओळखत होता.

थेरपिस्टनी आजारांविषयी विचारले तेव्हा दुसरा धागा मिळाला. थंडीत मुलाला तीन-चार वेळा सर्दी झाली होती. तो तोंड उघडे टाकून झोपत होता, घोरत होता. टीव्हीचा आवाज वाढवायला खुणावत होता. मागून हाक मारली तर कधी वळे, कधी नाही. घरात याला 'हट्टी' म्हणत.

श्रवणतज्ज्ञांकडे टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी झाली. यात कानात मऊ बोंडी बसवून हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि कानाचा पडदा हलतो की नाही ते आलेखावर पाहतात. दुखत नाही, काही सेकंदांचे काम असते. या मुलाचा आलेख दोन्ही कानांना सपाट आला. पडद्यामागे पाणी साठले होते. आवाजाकडे वळण्याच्या चाचणीतही सौम्य बहिरेपण दिसले. मूल फारच लहान असेल किंवा चाचणीला साथ देत नसेल, तर ते झोपलेले असताना डोक्याला तारा लावून 'बेरा' ही तपासणी करतात.

सर्दीनंतर असे पाणी साठणे लहान मुलांत नेहमीचे आहे. त्याने कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ऐकू येते, पण बोटे कानात घालून ऐकावे तसे. 'सफरचंद' आणि 'पतंग' यांतले बारीक आवाज निसटतात, मग मूल ते म्हणणार कसे? कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घाई केली नाही. बऱ्याच मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते, म्हणून त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. तरीही ते राहिले आणि ऐकणे कमी असले, तर पडद्यात ग्रोमेट ही अगदी छोटी नळी बसवण्याचा विचार करतात.

हे तीन महिने मात्र वाया घालवायचे नव्हते. आठवड्यातून एकदा थेरपी आणि रोज घरी सराव असे ठरले. घरच्यांना शिकवलेल्या गोष्टी चारच होत्या. बोलायचे ते हातभर अंतरावरून, खाली बसून, मुलाला चेहरा दिसेल असे आणि टीव्ही बंद करून. प्रश्नांची सरबत्ती थांबवायची. 'हे काय? म्हण ना!' याऐवजी जे चालले आहे ते बोलायचे, 'पाणी ओतू या, बघ, पाणी आलं.' मुलाने एक शब्द म्हटला की त्यात एकच भर घालून परत द्यायचा. तो 'गाडी' म्हणाला, तर 'गाडी गेली.' आणि काही विचारल्यावर मनात पाच मोजेपर्यंत गप्प बसायचे. हे शेवटचे आजीला सर्वांत कठीण गेले. तोंड उघडायच्या आतच नातवाला हवे ते हातात देण्याची तिला सवय होती. आता ती एका हातात केळे आणि दुसऱ्या हातात बिस्कीट धरून, 'केळं की बिस्कीट?' असे विचारून थांबू लागली.

तीन महिन्यांनी दोन्ही कानांचे आलेख सुधारलेले दिसले. कागदावरचे शब्द साठाच्या वर गेले होते आणि त्यात 'आजी ये', 'गाडी गेली', 'बिकी अजून' अशा जोड्या होत्या. थेरपी आणखी काही महिने चालू राहिली, सर्दीनंतर कान तपासण्याचे ठरले.

प्रत्येक मुलाची गोष्ट अशीच संपते असे नाही. कान ठणठणीत असूनही शब्द कमी असतील, तर थेरपिस्ट भाषेवरच काम करतो. बरीच उशिरा बोलणारी मुले तीन-चार वर्षांपर्यंत बरोबरीला येतात, काहींना शाळेपर्यंत मदत लागते. कायमचे बहिरेपण आढळले, तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा मार्ग असतो आणि तिथे महिन्या-महिन्याचे मोल असते. म्हणूनच बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचारांना सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आणि मोबाइल? मोबाइलवर गाणी बघणारे मूल शब्द ऐकते, पण त्याने 'अगू' केले तर मोबाइल उत्तर देत नाही. पाळीपाळीचे बोलणे तिथे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, त्यानंतरच्या वर्षातही टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त दाखवू नये. पण बोलणे लांबले की 'मोबाइलमुळेच' म्हणून तपासणी टाळणे, हेही धोक्याचेच. मोबाइल बंद करावा आणि कानही तपासावेत.

तीन वर्षांनंतरचे बोबडे बोल

तीन वर्षांचे मूल तीन-चार शब्दांची वाक्ये करते, 'का' आणि 'कुठे' विचारून भंडावते. त्याचे बोलणे परक्या माणसालाही बरेचसे समजायला हवे, चार वर्षांपर्यंत जवळजवळ सगळे. आईला दुभाष्याचे काम करावे लागत असेल, तर दाखवून यावे. 'काम केलं' ऐवजी 'काम करलं' म्हणणे किंवा आईचे ऐकून मुलाने 'मी गेले' म्हणणे, हे मात्र दोष नव्हेत. मूल नियम शोधते आहे याची ती खूण आहे.

उच्चारांत 'प', 'ब', 'म' लवकर येतात. 'काका'चे 'ताता' चार वर्षांच्या सुमारास सुटते. 'र' आणि 'ळ' यांना सहा वर्षांपर्यंतही वेळ लागू शकतो. 'राम'ला 'लाम' म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला रोज आरशासमोर उभे करून छळू नये.

दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काही मुले अडखळू लागतात. 'म-म-मला दे' असे होते. पुष्कळांचे हे आपोआप जाते. 'सावकाश बोल' असे टोकू नये, मोठ्यांनीच आपला वेग कमी करावा. सहा महिने होऊनही ते राहिले, बोलताना चेहरा वाकडा होऊ लागला, मूल शब्द टाळू लागले किंवा घरात आणखी कुणी तोतरे असेल, तर वाट पाहू नये.

या खुणा दिसल्या तर दाखवून यावे

• सहा महिने : आवाजाकडे वळत नाही, हुंकार देत नाही.
• दहा महिने : 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड नाही.
• बारा ते पंधरा महिने : नावाने हाक मारल्यास पाहत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही.
• दीड वर्ष : अर्थाचा एकही शब्द नाही किंवा खुणेशिवाय सांगितलेले साधे काम समजत नाही.
• दोन वर्षे : पन्नासपेक्षा कमी शब्द आणि दोन शब्दांची जोडी नाही.
• तीन वर्षे : छोटी वाक्ये नाहीत किंवा बाहेरच्यांना बोलणे समजत नाही.
• कोणत्याही वयात : येत असलेले शब्द नाहीसे झाले, बोलताना आवाज नाकातून येतो, किंवा आईला ऐकण्याविषयी शंका वाटते. शब्द नाहीसे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र निदान व उपचार केंद्रे आहेत, तिथे मुलांची तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, या दोन्ही ठिकाणी श्रवण आणि वाचा या दोहोंची तपासणी एकाच छताखाली होते. खाजगी थेरपिस्टकडे जायचे असेल, तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा.

जाताना जन्माच्या वेळचे कागद, कानाचे आधीचे रिपोर्ट आणि आठवडाभर लिहिलेली शब्दांची यादी बरोबर न्यावी. मुलाला दिवसभर जी व्यक्ती सांभाळते, मग ती आजी असो की सांभाळणाऱ्या बाई, तिलाही पहिल्या भेटीला न्यावे. मूल काय काय बोलते हे बहुतेक वेळा तिलाच सर्वांत जास्त ठाऊक असते आणि घरचा सरावही तिच्याच हातून व्हायचा असतो.